दूध ओतणारीच्या मागची पेटी

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं ‘दूध ओतणारी’ हे चित्र अवघं 45 सेंटिमीटर उंच आहे. डच चित्रकार योहानेस व्हर्मीरने ते 1660 च्या सुमारास डेल्फ्ट गावात रंगवलं. मोलकरीण मातीच्या भांड्यात दूध ओतते आहे. धार मुद्दाम बारीक ठेवली आहे. मेजावर पावाचे तुकडे आहेत, म्हणजे उरलेला पाव दुधात भिजवून खीर करायची असावी.

आता नजर तिच्या मागे, जमिनीकडे न्या. तिथे एक छोटी लाकडी पेटी दिसते. ही पाय शेकायची पेटी, डच भाषेत स्टोफ. वरच्या फळीला भोकं असतात आणि एक बाजू उघडी. त्या बाजूने आत मातीचं भांडं सरकवायचं, त्यात धुमसते निखारे. बाई बसली की पाय पेटीवर ठेवायची आणि घागरा वरून पसरायची, म्हणजे ऊब आतच कोंडून राहायची.

अशा पेट्या आजही संग्रहालयांत आहेत, त्यामुळे ही सवय खरी होती याबद्दल शंका नाही. पण ती इथे, याच कोपऱ्यात का?

डच कवी रोमर विस्सरने 1614 मध्ये चित्रं आणि बोधवचनांचं एक पुस्तक काढलं. त्यात हीच पेटी ‘बायकांची लाडकी’ म्हणून येते. तिच्याहून लाडकं व्हायचं असेल तर पुरुषाने बरीच खटपट करायला हवी, असा त्याचा रोख. चित्रात पेटीशेजारच्या भिंतीवर पांढऱ्या-निळ्या टाइल्स आहेत आणि त्यांतल्या एकीवर धनुष्य घेतलेला मदन आहे. त्या काळच्या जाणत्या माणसाला हा इशारा कळला असणार. मोलकरणीची नजर मात्र दुधावरून हलत नाही. व्हर्मीरने तिला मोहात पडलेली दाखवलेलं नाही, असं आम्हाला वाटतं.

पेटी तिथे विचारपूर्वक आली, याचा पुरावा रंगाखालीच सापडला. 2022 मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत त्या जागी आधी विणलेली शेकटोपली रंगवल्याचं दिसलं. तान्ह्या बाळाची दुपटी अशा टोपलीवर निखाऱ्यांच्या उबेने सुकवत. चित्रकाराने ती पुसली आणि पेटी ठेवली. दोन्ही वस्तू घरातल्याच, पण टोपली बाळंतघराची आठवण देते, पेटी प्रेमाची.

म्हणून त्या काळच्या डच चित्रांतली वस्तू खरी मानावी, पण तिची जागा तपासून घ्यावी. सगळ्यात जास्त फसगत फरशीमुळे होते. व्हर्मीरच्याच ‘संगीताचा धडा’ या चित्रात काळ्या-पांढऱ्या संगमरवराच्या चौकटी दूरवर जातात. प्रत्यक्षात असा संगमरवर फार श्रीमंतांच्या घरी, तोही बहुधा प्रवेशाच्या दालनात असायचा. राहत्या खोल्यांत लाकडी फळ्या असत, कारण दगड थंडीत पायांना सोसवत नाही. चित्रकाराला मात्र चौकटींनी दालनाची खोली सहज मोजून दाखवता येते. दूध ओतणारीच्या पायाखाली व्हर्मीरने साधी तपकिरी जमीन ठेवली आहे.