बारा बिलांतली एक पायरी

टेबलावर वीजबिलांची बारा पाने ओळीने मांडलेली आहेत. नजर आधी रकमेवर जाते, पण दर आणि अधिभार बदलत असल्यामुळे रक्कम तुलनेला फारशी उपयोगाची नसते. वापरलेल्या युनिटला बिलातील दिवसांनी भागल्यावरच खरे चित्र दिसू लागते.

पाचव्या महिन्यात 211 युनिट पाहून घरच्यांना धास्ती वाटली होती. परंतु ते बिल 34 दिवसांचे होते, म्हणजे दिवसाला 6.2 युनिट, आणि त्याआधीच्या चारही महिन्यांचा आकडा जवळपास तेवढाच होता. सातव्या महिन्यापर्यंत त्यात फरक पडला नाही. आठव्या महिन्यात मात्र तो 8.7 वर गेला. नवव्या बिलात मीटरचे वाचन न झाल्याने सरासरीने 180 युनिट लावले होते आणि दहाव्यात फरक वसूल होऊन 360 युनिट आले होते. अशी दोन बिले सुटी वाचली तर दिशाभूल होते, म्हणून ती एकत्र धरायची: 62 दिवसांत 540 युनिट, म्हणजे पुन्हा 8.7. पुढच्या दोन्ही महिन्यांतही हा आकडा खाली आला नाही.

ऋतुमानामुळे वाढलेला वापर हळूहळू चढतो आणि उतरतो. इथे एकदम पायरी चढली आणि वापर तिथेच थांबला. या काळात घरात नवे उपकरण आले नव्हते, माणसेही तेवढीच होती. दिवसाला वाढलेल्या अडीच युनिटना 24 तासांनी भागले, की सुमारे 104 वॅट येतात. एवढा भार कुठेतरी अहोरात्र चालू असावा, असा अंदाज बांधता येतो. तो कुठे आहे, हे मात्र बिल सांगू शकत नाही.

त्यासाठी मेन स्विच चालू ठेवून घरातील सर्व उपकरणांचे प्लग काढले आणि दिवे बंद केले. मीटरवर 3200 imp/kWh असे छापलेले होते, म्हणजे एका युनिटमागे त्यावरचा लाल दिवा 3200 वेळा लुकलुकतो. तो अजूनही दर अकरा सेकंदांनी लुकलुकत होता, म्हणजे सुमारे 100 वॅट. गणिताने सांगितलेला भार तो हाच. मग एकेक एमसीबी खाली केला. आवारातील खोलीकडे जाणाऱ्या केबलचा एमसीबी पडताच लुकलुकणे थांबले.

जमिनीत पुरलेल्या त्या केबलच्या जोडात ओल शिरली होती आणि वीज मातीत झिरपत होती. हा प्रवाह जेमतेम अर्धा अँपिअर असल्याने एमसीबी त्यावर पडत नाही. जमिनीत गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी पहिल्याच दिवशी पडला असता, पण तो बसवलेलाच नव्हता. अशा जागी प्रश्न केवळ बिलाचा राहत नाही, कारण जोडाभोवतीच्या ओल्या जमिनीवर पाय ठेवणाऱ्याला विजेचा धक्का बसू शकतो. म्हणून तो एमसीबी बंदच ठेवून पुढचे काम परवानाधारक वायरमनकडे सोपवले. त्याने मेगरने केबलचे इन्सुलेशन तपासले, खराब जोड काढून टाकला आणि आरसीसीबी बसवला.

तेराव्या बिलात 30 दिवसांचे 187 युनिट आले.