ओळखलंस का?

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नाच्या रिसेप्शनला स्टेजवर उभं राहायची पाळी ज्यांच्यावर येणार आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं. म्हणजे नवरा-नवरी आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली घरची माणसं. मी करवली म्हणून नवरीची पर्स आणि पाकिटं सांभाळत उभी राहिले आहे, पुढे काकू म्हणून नव्या सुनांच्या कानाशी कुजबुजत उभी राहिले आहे. रांग पुढे सरकत असते, समोर माणसं हसत येतात, आणि त्यातली निम्मीअधिक कोण आहेत हे त्या दोघांना ठाऊक नसतं.

आधी थोडा हिशेब करू. समजा 400 पाहुणे आहेत. एकटं कोणी वर चढत नाही, चौघाचौघांचा घोळका येतो, म्हणजे शंभर घोळके. पत्रिकेवर सात ते साडेनऊ लिहिलंय, म्हणजे 150 मिनिटं. कागदावर प्रत्येक घोळक्याला दीड मिनिट मिळतं. पण सातला कोण येतं? गर्दी उसळते पावणेआठ ते पावणेनऊमध्ये, आणि तेव्हा पाऊण मिनिटसुद्धा धड मिळत नाही. त्यातही फोटोवाला "काका जरा आत या, बाळाला पुढे घ्या, इकडे बघा" करत निम्मा वेळ खातो. तेव्हा बोलायला उरतं एखादंच वाक्य. ते वाक्य "ओळखलंस का?" असं समोरून आलं, की संपलंच!

या प्रश्नाची जास्त भीती नवरीला वाटते, पण खरा धोका नवऱ्याला असतो. ती परक्या घरातून आलेली, तिला कोणी ओळखीचं नसलं तरी सगळे समजून घेतात. नवऱ्याला मात्र वडिलांचे चुलतभाऊ मुंजीनंतर थेट आज भेटत असतात. मध्ये त्यांचे केस गेलेले असतात, याला दाढी आलेली असते, आणि काकांना वाटतं, आपण याला कडेवर घेतलेलं, म्हणजे याला आठवायलाच हवं. अशा वेळी "हो हो, ओळखलं की" म्हणू नये. लगेच पुढचा प्रश्न येतो, "सांग बरं, कोण?" मागे रांग थांबते, फोटोवाला कॅमेरा खाली घेतो, आणि मामला चिघळतो. त्यापेक्षा हसून, वाकून सरळ म्हणावं, "काका, चेहरा अगदी ओळखीचा आहे, तुम्हीच सांगा, म्हणजे हिलाही कळेल." बायकोला ओळख करून द्यायचं निमित्त झालं, की काका खुशीत सगळं सांगतात.

पण मुळात ही वेळ येऊ नये अशी सोय करता येते, आणि ती उभं राहण्याच्या जागेत असते. पाहुणे ज्या पायऱ्यांनी वर येतात, त्या बाजूला सर्वांत पुढे माणसं ओळखणारा माणूस हवा. मुलाचे वडील असतील तर उत्तम, पण मुलीकडचंही एक जण तिथे हवं, कारण मुलाच्या वडिलांना मुलीच्या मामांची नावं कशी ठाऊक असणार? प्रत्यक्षात होतं काय, की दोन्हीकडचे आईवडील खाली जेवणाच्या पंक्तीकडे बघत फिरतात, आणि वर ही दोघं एकटी सापडतात. पंक्तीकडे भाचे बघतील. आईवडिलांनी त्या गर्दीच्या तासाभरात तरी वर थांबावं.

आणि त्यांनी नुसतं "या, या" म्हणायचं नाही. स्वागतातच नाव, गाव आणि नातं घालायचं, तेही मोठ्याने. हे नीट जमवणारे एक गृहस्थ मी पाहिले. लग्न नाशिकला, मुलगी मुंबईची. पायरीवर नऊवारीतल्या एक बाई दिसल्या, हाताशी नातू. मुलाचे वडील तिथूनच म्हणाले, "ये गं ताई! अकोल्याहून एवढा प्रवास करून आलीस! आबाकाकांची लेक माझ्या लग्नात करवली होती, आता सुनेला बघायला आली!" झालं. मुलाला कळलं, ही चुलतआत्या. नवरीला कळलं, अकोल्याची आहे, आणि मान मोठा आहे. दोघं वाकली. नवरी म्हणाली, "आत्या, प्रवास कसा झाला?" बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. खाली उतरताना त्या शेजारणीला सांगत होत्या, "पोरीला माझं सगळं माहीत आहे हो." त्या पोरीने त्यांचं नाव तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं होतं!

हाक कशी मारावी, हा पुढचा पेच. सासरच्या माणसांना नवरा जे म्हणतो तेच म्हणावं, एवढं धरलं तर फारसं चुकत नाही. तो मामा म्हणाला की आपणही मामा. कळलंच नाही, तर काका-काकू चालतं. अंदाजाने आत्या किंवा मावशी म्हणायला जाऊ नये. आत्या वडिलांकडची, मावशी आईकडची. उलटं झालं, तर कोणत्या बाजूचं माणूस हेही कळलं नाही, हे उघड होतं. आणि केस पांढरे दिसले म्हणून कुणाला आजी म्हणण्याचं धाडस तर करूच नये. ती नवऱ्याची आत्तेबहीण निघते, आणि मग ती गोष्ट पुढच्या दहा लग्नांत सांगितली जाते.

नमस्काराचं दोघांनी आदल्या दिवशीच ठरवून ठेवावं. शंभर घोळक्यांत प्रत्येक वडीलधाऱ्यासमोर वाकायचं, तर भरजरी शालू आणि खोप्यासकट नवरीची कंबर नऊ वाजता बोलायला लागते. आजी-आजोबा, सख्खे काका, मामा, आत्या, मावशी यांना वाकून, बाकीच्यांना हात जोडून मान लववून, असं बहुतेक घरांत आता चालतं. काही घरांत चालत नाही, तेव्हा सासूबाईंना आधी विचारलेलं बरं. वाकायचं तर दोघांनी एकदम. एक वाकलेला आणि एक हसत उभा, असा फोटो अल्बममध्ये वाईट दिसतो. खूण नवऱ्याने करायची आपल्या माणसांसाठी, आणि नवरीने आपल्या माणसांसाठी. कोपराचा हलका धक्का पुरतो. वयाने फसू नये, हेही सांगते. तिशीतला तरुण नात्याने मामेसासरा असू शकतो. त्याला वाकून नमस्कार केला तर तोच बिचारा दोन पावलं मागे सरतो, पण त्याची आई ते बघत असते.

आता दोन शब्द रांगेत उभ्या असलेल्यांना. तुम्ही नवरा-नवरीची परीक्षा घ्यायला आलेले नाही. वर चढताच सांगून टाका, "मी तुझ्या आईची मावसबहीण, सांगलीची, हे तुझे काका." चार सेकंद लागतात. आणि पाकिटावर नुसतं आडनाव लिहू नका. "पाटील परिवार" लिहिलेली पाच पाकिटं एकाच लग्नात निघतात. पूर्ण नाव लिहा, गाव लिहा, जमलं तर कोणाकडून ते लिहा.

याचा उपयोग दुसऱ्या दिवशी होतो. घरात आहेराची वही घेऊन कोणीतरी बसतं, पाकिटं फोडत नावं लिहीत जातं, कारण उद्या त्यांच्या घरच्या कार्याला तेवढा तरी आहेर न्यायचा असतो. त्या वेळी नव्या सुनेला शेजारी बसवावं, आणि मोबाइलवर आलेले फोटो समोर ठेवावेत. नाव वाचलं की फोटो दाखवायचा, "हे बघ, हे ते निळ्या कोटातले, तुझे चुलतसासरे, यांचं आणि आपलं शेताच्या बांधावरून वाजतं, पण लग्नाला आले." असल्या गोष्टी स्टेजवर कोणी सांगत नाही. त्या वहीवरच कळतात.