तिसरी पट्टी सोनेरी होती

(दृश्य: हीटसिंकवर टेकलेलं बोट, लगेच मागे येतं.)

गाणं सुरू नाही. माईक जोडलेला नाही. आवाजाचं बटण शून्यावर आहे. तरीही या ॲम्प्लिफायरच्या हीटसिंकवर बोट टेकवून पाचपर्यंत मोजता येत नाही.

(दृश्य: दुकानाचं दार, आत टांगलेले स्पीकर.)

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बाजूचं हे दुरुस्तीचं दुकान. ॲम्प्लिफायर कृष्णाकाठच्या एका भजनी मंडळाचा आहे. मंडळाचे दोघं तो पिशवीत घालून घेऊन आलेत.

"अण्णा, आधीच्या दुकानात टेबलावर झकास चालत होता. देवळात नेला की तापतोय."

अण्णा हसतात. त्यांना या वाक्यातच अर्धं उत्तर मिळालेलं असतं.

(दृश्य: टेबलावर पांढरा सिमेंटचा रेझिस्टर, शेजारी आठ ओमचा स्पीकर.)

दुकानात ॲम्प्लिफायर तपासताना स्पीकरच्या जागी असा आठ ओमचा रेझिस्टर जोडतात, म्हणजे शेजाऱ्यांच्या कानांना त्रास होत नाही. अण्णांनी तोच जोडला आणि फ्यूजच्या जागी मीटर लावला. मीटरवर 50 मिलिअँपियरच्या आसपास. आत 2030 नंबरची आयसी आहे, आणि ही आयसी गप्प बसलेली असताना एवढंच खाते. मग त्यांनी रेझिस्टर काढून स्पीकर जोडला. काटा 400 पर्यंत गेला.

(दृश्य: मीटरचा काटा, जवळून. दोनदा दाखवलं आहे.)

दोन्ही बाजूंचा सप्लाय पंधरा-पंधरा व्होल्टचा, म्हणजे तीस व्होल्ट गुणिले 0.4. बारा वॅट. आवाज न होता बारा वॅट उष्णता.

दोन्हीवर आठ ओमच लिहिलेलं आहे. मग फरक कुठला?

(दृश्य: फाटलेल्या स्पीकरची व्हॉइस कॉइल, बोटांत फिरवलेली.)

स्पीकरच्या आत ही तारेची गुंडाळी असते. लेबलवरचे आठ ओम आपल्या ऐकण्यातल्या, खालच्या स्वरांपुरते. स्वर जसा चढेल तसा गुंडाळीचा अडथळा वाढत जातो. समजा गुंडाळीचं इंडक्टन्स अर्धा मिलिहेन्री आहे. मग वीस किलोहर्ट्झला तोच अडथळा साठ ओमच्या वर जातो. त्याहून वर, जिथं कानाला काहीच ऐकू येत नाही, तिथं स्पीकर जवळजवळ जोडलेलाच नसल्यासारखा. ॲम्प्लिफायर मात्र तिथंही जागा असतो. त्याचा आऊटपुट फीडबॅकच्या वाटेनं परत इनपुटकडे येत असतो आणि त्या उंचीवर या फेऱ्यात उशीर साठत जातो. समोर ओझं असलं तर तो सावरतो. ओझं सुटलं की स्वतःच झोके घ्यायला लागतो. सिमेंटच्या रेझिस्टरचा अडथळा स्पीकरइतका चढत नाही, म्हणून टेबलावर हा दोष लपला.

(दृश्य: स्कोपचा पडदा. रेषेच्या जागी जाड, धुरकट पट्टा.)

हे ते झोके. दहापट कमी करणारा प्रोब लावला आहे, कारण साध्या प्रोबचं स्वतःचं कपॅसिटन्सच इथं गोंधळ घालू शकतं. पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, आणि एक झोका एका चौकोनात जेमतेम मावतो.

(दृश्य: जुना रेडिओ ॲम्प्लिफायरजवळ नेताना.)

स्कोप सगळ्यांकडे नसतो. अण्णांकडेही पहिली कित्येक वर्षं नव्हता. तेव्हा ते मीडियम वेव्हचा रेडिओ जवळ आणायचे. झोके त्याच पट्ट्यात पडले, तर काटा फिरवताना एखाद्या जागी शिट्टी येते आणि स्पीकरची तार हलवली की तिचा सूर बदलतो. ऐका.

(इथं निवेदन थांबेल. फक्त शिट्टी.)

आता बोर्डाकडे. आयसीच्या चौथ्या पायापासून स्पीकरची वाट निघते. त्याच वाटेवरून एक रेझिस्टर आणि त्याच्या मागे एक कपॅसिटर, एकामागोमाग, थेट ग्राउंडला जातात. दुकानात याला झोबेल म्हणतात. ओटो झोबेल हे बेल कंपनीत टेलिफोनच्या लाइनींवर काम करणारे इंजिनिअर. फिल्टरवरचा त्यांचा मोठा लेख 1923 सालचा. फ्रान्समध्ये हीच जोडी बूशरो यांच्या नावानं ओळखली जाते. स्वस्त बोर्डांवर ती कित्येकदा गाळलेली दिसते, "आवाजाला तर लागत नाही" म्हणून. आवाजाला खरोखरच लागत नाही. तिचं काम आवाजाच्या वर सुरू होतं.

2030 च्या कंपनीच्या कागदावर या जोडीची किंमत एक ओम आणि 0.22 मायक्रोफॅरड. वीस किलोहर्ट्झला हा कपॅसिटर छत्तीस ओमचा अडथळा धरतो, म्हणून गाण्यातलं फारसं काही इकडे वळत नाही. पाचशे किलोहर्ट्झला दोन्ही मिळून दोन ओमच्याही खाली येतात. स्पीकरनं जिथं हात सोडला, तिथं ही जोडी ओझं उचलते.

(दृश्य: भिंगाखाली रेझिस्टर. तपकिरी, काळी, तपकिरी.)

या बोर्डावर जोडी होती. पण पट्ट्या वाचा: तपकिरी, काळी, तपकिरी. शंभर ओम. एकाच्या जागी शंभर. मागे कपॅसिटर कितीही चांगला असला, तरी शंभर ओमच्या खाली ही वाट जाणारच नाही. जोडी आहे आणि नाहीही.

शंभर आला कुठून? पिशवीच्या तळाशी मंडळानं जुना पार्ट जपून ठेवला होता.

(दृश्य: काळवंडलेला रेझिस्टर तळहातावर.)

एक ओमची खूण तपकिरी, काळी, सोनेरी. भाजलेली सोनेरी पट्टी तपकिरीच दिसते. आधीच्या माणसानं जे दिसलं ते वाचलं. त्याची चूक आम्ही मोठी धरत नाही. पण त्यानं एक प्रश्न विचारायला हवा होता: हा जळला कशानं?

कारण गाण्यानं तो जळत नाही. वीस किलोहर्ट्झचा आठ व्होल्टचा सूर सतत दिला, तरी त्याच्यावर एका वॅटचा विसावा भाग पडतो. उलट दहा लाख हर्ट्झचा नुसता दोन व्होल्टचा झोका अडीच वॅट ओततो. जळलेला झोबेल म्हणजे झोके आधीपासूनच होते.

(दृश्य: सोल्डरिंग. लांब शॉट, निवेदनाशिवाय वीस सेकंद.)

मूळ दोष निघाला सप्लायच्या पायाजवळच्या 0.1 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर. त्याचा टाका सुटलेला, पाय भोकात नुसता उभा. तो टाका आधी घातला. मग नवा एक ओम, अर्ध्या वॅटचा, कार्बन फिल्मचा. तारेच्या गुंडाळीचा घेतला असता तर तीच गुंडाळी आडवी आली असती. कपॅसिटर 224 लिहिलेला, पॉलिस्टरचा. दोन्हींचे पाय आखूड कापले आणि ग्राउंडचं टोक इनपुटच्या ग्राउंडला न देता सप्लायच्या जाड ग्राउंडला दिलं.

(दृश्य: स्कोप. बारीक रेषा.)

स्पीकर जोडलेलाच आहे. मीटर पन्नासवर.

असे झोके चालू राहिले तर आयसी जाते, कधी ट्वीटरही जळतो.

"अण्णा, देवळात वायर लांब हाय. चालंल ना?"

साध्या दुपदरी वायरला चालेल. शील्डची लांब वायर मात्र स्वतःच कपॅसिटर होऊन बसते आणि तिथं झोबेलचा इलाज नाही. मग स्पीकरच्या वाटेत दहा ओमच्या रेझिस्टरवर इनॅमलच्या तारेचे दहा-बारा वेढे देऊन, तारेची टोकं त्याच्याच पायांना जोडून लावावे लागतात. अण्णांनी वायर पाहायला मागितली. दुपदरी होती.

(दृश्य: जळका एक ओम गोळ्यांच्या डबीत पडतो. डबीत तसे आणखी सात-आठ.)