जुन्या कुर्त्यातून वासुदेव: फॅन्सी ड्रेससाठी घरचीच तयारी

नमस्कार! शाळेच्या ग्रुपवर फॅन्सी ड्रेसचा मेसेज आला की भाड्याच्या दुकानात धावायची गरज नाही. आज घरातल्याच सामानातून वासुदेव करू. पाच वर्षांच्या मुलासाठी हे सोंग मला आवडतं, कारण यात नुसतं उभं राहायचं नसतं. वासुदेव नाचतो, त्यामुळे पोर भाषण विसरलं तरी काही बिघडत नाही.

सगळी मदार टोपीवर. मोठ्या भावंडाच्या प्रोजेक्टमधला जुना चार्टपेपर घ्या. एका कोपऱ्यावर दोरी धरून 34 सेंटिमीटरवर पेन्सिल फिरवा आणि तो पाव गोल कापा. त्याची गोल कड साधारण 53 सेंटिमीटर भरते. दोन सेंटिमीटर एकावर एक घेऊन चिकटवलं, की या वयाच्या बहुतेक डोक्यांना टोपी बसते. तरी आधी मुलाचं डोकं मापून घ्याच.

आता मोरपिसं. जुन्या हिरव्या-निळ्या साडीच्या बोटभर लांब पट्ट्या कापा, टोकं गोल करा. पहिली ओळ खालच्या कडेला चिकटवा आणि वर चढत जा, कौलं शाकारतात तशी. वरून सुरुवात केलीत तर प्रत्येक ओळीचा डिंक उघडा दिसतो. पिसावरचे डोळे लग्नपत्रिकेच्या सोनेरी कागदाचे. शेंड्याला सोनेरी कागदात गुंडाळलेलं बाटलीचं झाकण, झाला कळस!

टोपीला हनुवटीखालून इलॅस्टिक हवंच. आतल्या कडेला जुन्या बनियनची पट्टी लावा, म्हणजे घामाने टोपी डोळ्यांवर घसरणार नाही. मग पोराला गिरकी घ्यायला लावा. टोपी कलंडली तर इलॅस्टिक कानांच्या थोडं पुढे घेऊन पुन्हा शिवा.

अंगरखा म्हणजे बाबांचा जुना पांढरा कुर्ता. बाह्या मनगटापर्यंत आणि खालचा घेर गुडघ्याखाली चार बोटांवर आणून आत टाके घाला. घोट्यापर्यंत ठेवलात तर पहिल्याच उडीत पाय अडकणार. घेर फुगावा म्हणून आत आईचा जुना परकर कमरेत दुमडून बांधा, खाली पांढरी लेगिंग. कमरेला लाल ओढणीचा शेला, गळ्यात मण्यांची माळ, खांद्यावर उशीच्या अभ्र्याची झोळी. हातात देवघरातले छोटे टाळ. चिपळ्या मात्र नको, या वयाला दोन्ही एका हातात वाजवणं जमत नाही.

कपाळावर ओल्या कुंकवाऐवजी चंदनाचं गंध लावा, कारण कुंकू घामाबरोबर डोळ्यांत उतरतं.

बोलायचं एवढंच: ‘वासुदेव आला हो, वासुदेव आला!’ मग दोन गिरक्या, परीक्षकांपुढे झोळी आणि ‘दान पावलं!’

शेल्याला सेफ्टी पिन लावू नका, साधी सुरगाठ मारा. नंबर यायच्या आधी शूला जायचं निघतंच, आणि तेव्हा आपण बाहेर बसलेलो असतो. गाठ बाईंना सोडता आली पाहिजे.