भिंगाचे दोष, मोजूनमापून

पडद्यावर दिसणारा हा अंधारा बोळ संगणकाने रचलेला आहे आणि त्याच्या डाव्या कडेला उन्हाने उजळलेली एक खिडकी आहे. चित्र कोणत्याही भिंगातून आलेले नसल्यामुळे ते मध्यापासून कडेपर्यंत सारखेच रेखीव आहे. खऱ्या कॅमेऱ्याचे चित्र असे नसते, म्हणून रेंडर झाल्यावर भिंगाचे काही दोष त्यावर मुद्दाम चढवले जातात.

त्यांपैकी क्रोमॅटिक ॲबरेशन सर्वांत जास्त बिघडवले जाते. काच निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा अधिक वळवते, त्यामुळे वेगवेगळ्या रंगांच्या प्रतिमा किंचित वेगळ्या आकाराच्या उमटतात. हा फरक चित्राच्या केंद्रात शून्य असतो आणि कडेकडे वाढत जातो. लाल थर सगळीकडे सारखाच सरकवण्याची सोपी युक्ती म्हणूनच फसते, कारण ती मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यालाही रंगीत किनार लावते आणि चित्र चुकलेल्या छपाईसारखे दिसते. 1920 × 1080 पिक्सेलच्या चौकटीत कोपऱ्याशी 2 पिक्सेलचे सरकणे पुरेसे असते. ते केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढवले, तर अर्ध्या वाटेवर जेमतेम अर्धा पिक्सेल उरतो. पडद्यावरची अक्षरे मात्र यानंतरच काढावीत. त्यांच्यासमोर भिंग नसते.

व्हिनेटच्या, म्हणजे कडेकडे चित्र काळवंडत जाण्याच्या, बाबतीत प्रश्न प्रमाणाइतकाच क्रमाचाही आहे. साध्या भिंगात कडेचा प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताप्रमाणे घटतो. दृश्याची रुंदी 60 अंश असेल, तर डाव्या-उजव्या कडेला, म्हणजे मध्यापासून 30 अंशांवर, मध्याच्या सुमारे 56 टक्के प्रकाश पोहोचतो. आपल्या खिडकीची तीव्रता 8 आहे आणि 1 म्हणजे पडद्याची पूर्ण शुभ्रता, असे धरू. टोनमॅपिंग म्हणजे अशा तीव्रता पडद्याच्या 0 ते 1 या मर्यादेत बसवणे. त्याच्या आधी घट लावली, तर 8 चे साधारण 4.5 होतात आणि खिडकी जवळजवळ पांढरीच राहते. टोनमॅपिंगनंतर लावली, तर 1 चे 0.56 होतात आणि भर उन्हातली खिडकी राखाडी पडते. कडेचा उजेड असा मळलेला दिसला, की क्रम उलटा आहे हे ओळखावे. प्रमाणाबद्दल म्हणाल, तर माझ्या मते या घटीच्या निम्मी घटसुद्धा बहुतेक दृश्यांना पुरते.

फ्लेअरमधले, म्हणजे प्रखर उजेडामुळे चित्रावर उमटणाऱ्या झळाळीतले, रंगीत ठिपके भिंगाच्या आत दोनदा परावर्तित झालेल्या प्रकाशाचे असतात. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परतवतो, म्हणजे दोन परावर्तनांनंतर 0.16 टक्के उरतो. आपल्या खिडकीच्या 8 मधून जेमतेम 0.013 मिळतात. थेट दिसणारा सूर्य हजारोंच्या घरात असल्यामुळे तोच अंश तिथे सहज दिसतो. चौकटीतले उजळ पिक्सेल उचलून केंद्रापलीकडे उलटवणाऱ्या पद्धतीत उजळपणाचा उंबरठा खाली ठेवला, तर पांढऱ्या भिंतीतूनही ठिपके निघू लागतात. शिवाय दिवा चौकटीबाहेर गेला, की ते एकाएकी नाहीसे होतात, जे खऱ्या भिंगात घडत नाही. या बोळात फ्लेअर बंदच ठेवलेला बरा.