लाईट गेली, आता गोष्ट कुठे न्यायची?

नमस्कार श्रोतेहो. वर्गात कथालेखनाची स्पर्धा असली की पहिली ओळ बहुधा फळ्यावर लिहून दिलेली असते. समजा, आजची ओळ अशी आहे: ‘रात्री साडेअकराला लाईट गेली आणि सगळं गाव काळोखात बुडालं.’ पुढची गोष्ट तुमची. वेळ एक तास, जागा दोन पानं.

अशा वेळी निम्म्या वह्यांत दुसऱ्याच ओळीला भूत येतं. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना शेवटी आई हलवून जागं करते, म्हणजे ते सगळं स्वप्नच होतं. भुताशी माझं वैर नाही. पण त्याला लाईट जायची वाट कशाला बघायला हवी? ते अमावास्येलाही येतंच की. लिहून झालं की फळ्यावरची ओळ बोटाने झाका. ती नसतानाही गोष्ट तशीच चालत असेल, तर ओळ नुसती चिकटवलेली आहे.

म्हणून आधी एवढंच विचारा, की लाईट गेल्यामुळे कोणाचं काय अडलं? आपल्या खानदेशात याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. रावेर-यावलकडे केळीला उन्हाळ्यात पाण्याचा खाडा चालत नाही आणि मोटारीसाठी थ्री फेजची पाळी पुष्कळदा रात्रीची असते. तेव्हा गोष्टीतले बाप मळ्यात आहेत आणि आठवीतली मुलगी आजीजवळ घरी, असं धरू.

लाईट जाते. बापाला वाटतं, बरं झालं, मोटारीच्या केबलचा जॉइंट उघडा पडलाय, तेवढ्यात टेप गुंडाळून घेऊ. मेन स्विच खाली पाडायला हवा, पण तो पाडत नाही. का? कारण लाईट गेली की स्टार्टर सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार पुन्हा लागत नाही, हा त्याचा रोजचा अनुभव. इकडे खाटेवर पडल्या पडल्या मुलीला आठवतं, की संध्याकाळी डबा द्यायला गेली तेव्हा तिनेच ऑटो स्विच चालू करून ठेवला होता. बापाला रात्री उठून बटण दाबायला जावं लागू नये म्हणून. ऑटो चालू असला की लाईट आल्यावर थोड्या वेळाने मोटार आपोआप लागते.

इथे गोष्ट पलटली. आता लाईट येणं हेच संकट आहे. एरवी सगळं गाव ज्याची वाट बघतं, तेच या मुलीला नको आहे.

वाचणारा लगेच विचारणार, फोन का नाही केला? त्याचं उत्तर गोष्टीतच द्या. ती फोन लावते आणि बापाचा फोन घरातच, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात वाजतो. दोन वाक्यांत काम होतं आणि तिला पळावंच लागतं.

पळताना काय दिसतं, हे लिहिताना जपा. काळोख आहे, मग ‘तिला दूरवर हिरवीगार केळी दिसली’ असं कसं चालेल? केळीची फाटकी पानं वाऱ्यात फडफडतात ते ऐकू येईल. ठिबकची नळी पायात अडकेल. बांधाजवळचा चिखल चपलेला ओढेल. आणि मध्यावर आल्यावर मागे गावातले दिवे लागू द्या. मळ्याची लाइन अजून यायची आहे. किती वेळ उरला, हे वाचकाला न सांगता कळतं.

शेवट कुठे करायचा? ती पोचते, मेन स्विच खाली ओढते आणि अंधारातून बाप ओरडतो, “कोन शे रे?” माझ्या मते वही इथे मिटावी. त्यापुढे बाप तिला जवळ घेतो, शाबासकी देतो, दुसऱ्या दिवशी शाळेत सत्कार होतो, हे लिहायचा मोह होतो खरा. पण भीती संपली की वाचणाराही उठलेला असतो.

बापाच्या तोंडी अहिराणी घालायला काहीच हरकत नाही. बोलणी अहिराणीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, ही वाटणी दोन पानांना पुरते. आजी “लाईट उनी का?” एवढं विचारते तेव्हा तिचं वर्णन वेगळं करावं लागत नाही. मात्र तासातली पहिली दहा मिनिटं पेन खाली ठेवून कोणाचं काय अडलं ते ठरवा, आणि फळ्यावरची ओळ जशीच्या तशी उतरवा. ‘साडेअकराला’चं ‘बाराला’ केलंत, तर परीक्षक गोष्ट वाचायच्या आधीच गुण कापू शकतात.