नमुना प्रकरण आणि जुना फॉन्ट

(नवलेखकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आपल्या संकेतस्थळावर कोणतं प्रकरण वाचायला ठेवावं, असं तुम्ही मघाशी विचारलंत. माझ्या मते, जे मधूनच वाचलं तरी कळतं ते. मला जास्त काळजी आहे ती ते प्रकरण तिथं कोणत्या रूपात जातं याची.

माझ्या एका मैत्रिणीची पहिली कादंबरी आली. अक्षरजुळणी करणाऱ्यानं दिलेल्या पीडीएफमधलं तिसरं प्रकरण तिनं तसंच चढवलं. दिसायला देखणं. पण त्यातलं वाक्य शोधलं तर काही केल्या सापडेना. मी म्हटलं, त्यातली एक ओळ कॉपी करून मोबाइलवर चिकटव. चिकटवल्यावर उमटली ती रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा.

कारण साधं आहे. पुस्तक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलं होतं. अशा फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच. रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढतो. पीडीएफ तो फॉन्ट पोटात घेऊन फिरते, म्हणून डोळ्यांना सगळं ठीक वाटतं. शोधयंत्राला मात्र नुसते संकेत दिसतात.

‘माझी मूळ प्रत युनिकोडमध्येच आहे, तीच टाकते,’ ती म्हणाली. इथंच पुष्कळ जण फसतात. प्रुफांमधल्या दुरुस्त्या जुळणीच्या फाइलमध्ये झालेल्या असतात, तुमच्या प्रतीत नाही. तेव्हा जुळणीची मूळ फाइल आणि फॉन्टचं नेमकं नाव मागून घ्या. रूपांतर त्या फॉन्टसाठीच्याच साधनानं करा.

आणि मग पुन्हा प्रुफं वाचा. हो, पुन्हा! जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं उलट: तिथं नंतर, इथं आधी. ही अदलाबदल करताना साधन चुकतं ते बहुधा जोडाक्षरांपाशी, ‘स्थिती’सारख्या शब्दात. या चुका निदान डोळ्यांना खुपतात. छळतो तो ‘ऱ्य’. मैत्रिणीच्या प्रकरणात गाव सह्याद्रीच्या दऱ्यांत होतं; रूपांतरानंतर ते ‘दर्यांत’ गेलं, म्हणजे थेट समुद्रात! शुद्धलेखन तपासनीस काही बोलला नाही, कारण ‘दर्या’ हाही शब्दच आहे.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. फाइलमध्ये ‘र्य’ शोधायचं आणि प्रत्येक ठिकाणी थांबायचं. सूर्य, कार्य, धैर्य राहू द्यायचे. दऱ्या, वाऱ्या, पायऱ्या दुरुस्त करायच्या. शिवाय ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण लावून. दिसायला दोन्ही सारखेच, पण साध्या शोधात एक दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. पहिली तऱ्हा धरा आणि प्रकरणभर तीच ठेवा.

मैत्रिणीनं तसं केलं. शेवटी छापील पुस्तक शेजारी ठेवून ओळीन् ओळ ताडून पाहिली, तेव्हा छापलेल्या पानावरच ‘पायऱ्यां’ची एक ‘पार्या’ निघाली. ती दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहून ठेवली आहे.